नंबर सेव्ह न करता व्हॉट्सॲप चॅट उघडायची लिंक: काही चालतात, काही भलत्याच माणसाकडे जातात

चाळकरी

मंडळी, गिरगावात आमची जुनी भाडेकरूंची इमारत आहे. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. मेंटेनन्सची आठवण ग्रुपवर टाकली की कोणाचे किती थकलेत यावरून तिथेच जुंपते, म्हणून ज्याची त्याला वेगळी पाठवायची असं ठरलं. पण सगळ्या बिऱ्हाडांचे नंबर माझ्या फोनमध्ये मला भरायचे नाहीत. आधीच्या सेक्रेटरींनी एक गूगल शीट ठेवून दिली आहे. त्यात प्रत्येक नावापुढे अशी लिंक आहे:

```
https://wa.me/98XXXXXXXX
```

टिचकी मारली की नंबर सेव्ह न करता सरळ चॅट उघडावी, ही कल्पना. प्रत्यक्षात काही उघडतात, काही उघडत नाहीत. लॅपटॉपवर `Phone number shared via url is invalid` असं येतं. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटणकर काकूंची लिंक उघडली खरी, पण फोटोत निळा समुद्र आणि एक होडी, आणि वर नंबर +960 ने सुरू होणारा. काकूंचा नंबर 9607 ने सुरू होतो. काकू तर अंधेरीच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत! हॅक वगैरे झालंय का?

मुलुंडकर

हॅक नाही हो. पुढे +91 लावा आणि सुरुवातीचा शून्य काढा. झालं काम. मी कायम + लावूनच टाकतो, काही अडत नाही.

भांडुपची भामा

एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲपमध्ये नवीन चॅटचं बटण दाबा आणि वरच्या शोधपट्टीत नंबर टाइप करा. तो माणूस व्हॉट्सॲपवर असेल तर खाली लगेच चॅट करायचा पर्याय दिसतो. मी प्लंबर, इस्त्रीवाला, गॅसवाला सगळ्यांशी असंच बोलते. सेव्ह कोण करतंय!

आकडेमोड

भामाताई, एखादा नंबर असेल तर तुमचाच मार्ग सोपा. चाळकरींकडे अख्खी इमारत आहे, शिवाय दर महिन्याचं काम. त्यांना लिंकच बरी पडेल.

चाळकरी, काकूंचा फोन सुखरूप आहे. तुम्ही मालदीवच्या कोणा भल्या माणसाची चॅट उघडलीत.

होतं असं. आपण मुंबईत बसून मुंबईचाच नंबर लावतो तेव्हा पुढे देशाचा कोड लावावा लागत नाही, कारण आपण कुठे आहोत हे मोबाइल कंपनीच्या नेटवर्कला माहीत असतं. wa.me ला ते माहीत नसतं आणि ती अंदाजही करत नाही. तिच्यापुढे जे आकडे येतात ते देशाच्या कोडपासून सुरू होणारा पूर्ण आंतरराष्ट्रीय नंबर आहेत, असंच ती धरून चालते आणि डावीकडून वाचत जाते. देशांचे कोड असे दिलेले आहेत की एक कोड दुसऱ्या कोडची सुरुवात नसतो. त्यामुळे पहिले एक ते तीन आकडे वाचले की देश ठरतो.

काकूंचा नंबर बिनकोडाचा आहे, 9607XXXXXX. पहिले तीन आकडे 960, म्हणजे मालदीव. उरले सात. मालदीवचे नंबर सात आकडीच असतात आणि तिथले मोबाइल 7 किंवा 9 ने सुरू होतात. म्हणजे काकूंचा नंबर तिथे चपखल बसतो. व्हॉट्सॲपला शंका यायचं कारणच नाही.

आता तुम्ही वर दिलेली 98 वाली लिंक घ्या. 98 हा इराणचा कोड. तिथे कोडनंतर दहा आकडे लागतात, आपल्याकडे उरतात आठ. म्हणून ती सरळ नाकारली जाते. खरं तर नाकारली जाते हे बरंच. बिनकोडाचे बहुतेक नंबर असेच कुठेतरी कमी पडतात, म्हणून एरर येते आणि आपल्याला कळतं. पंचाईत त्या मोजक्या नंबरांची, जे दुसऱ्या देशात तंतोतंत बसतात. 658 किंवा 659 ने सुरू होणारा नंबर यादीत असेल तर तोही बघून घ्या, कारण सिंगापूरचा कोड 65 आणि तिथले मोबाइल आठ आकडी, 8 किंवा 9 ने सुरू होणारे.

मुलुंडकर, तुमच्याकडे + चालत असेल, मी नाही म्हणत नाही. पण व्हॉट्सॲपच्या मदतपानावर + सकट शून्य, कंस, डॅश काहीही ठेवू नका असं स्वच्छ लिहिलंय. पाठवणार चाळकरी, उघडणार कोणत्या तरी जुन्या फोनवर. नुसते आकडे ठेवलेले बरे:

```
https://wa.me/9198XXXXXXXX
```

चाळकरी

बाप रे. बरं झालं मी त्या मालदीववाल्याला 'काकू, दोन महिन्यांचे थकलेत' असं पाठवलं नाही.

म्हणजे सगळ्यांपुढे डोळे मिटून 91 लावू? यादीत काही जणांना आधीच 91 आहे.

आकडेमोड

डोळे मिटून नको. आपल्याकडे 91 नेच सुरू होणारे दहा आकडी मोबाइल नंबरही आहेत. 91XXXXXXXX असा नंबर दिसला की माणूस म्हणतो, लावलाय की कोड. नसतो लावलेला. तो बिचारा 9191XXXXXXXX असा हवा असतो. सुरुवात बघून ठरवू नका, आकडे मोजा. भारतातला नंबर कोडसकट बारा आकडी होतो. दहा असतील तर कोड नाही, बारा असतील तर ठीक, अकरा असतील तर बहुधा पुढे शून्य बसलाय.

चॅट उघडल्यावरही एकदा वर नजर टाकायची. सेव्ह न केलेला नंबर तिथे पूर्ण दिसतो. +91 असेल तर पुढे जा, नाहीतर मागे फिरा. लिंक उघडल्याने काही पाठवलं जात नाही, बाण तुम्हालाच दाबायचा असतो.

पोळीभाजी घरपोच

मलाही हेच हवं होतं! माझा परळला डब्याचा व्यवसाय आहे. रोज सकाळी आजची भाजी काय ते सगळ्या गिऱ्हाइकांना कळवायचं असतं. नंबर सेव्ह न करता या लिंकने सगळ्यांना एकदम मेसेज जाईल ना? ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाहिली होती, पण निम्म्या लोकांना पोचतच नाही.

आकडेमोड

नाही ताई, या लिंकने एका वेळी एकाच माणसाची चॅट उघडते. तुमचं दुखणं वेगळं आहे आणि ते नेमकं उलट्या बाजूचं आहे. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी *तुमचा* नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. ज्यांना पोचत नाही त्यांना विचारा, त्यांनी केलेला नसणार.

तुम्हाला लिंक उलटी वापरता येईल. तुमच्या स्वतःच्या नंबरची लिंक करा, पुढे मजकूर जोडा आणि डब्याच्या झाकणावर क्यूआर कोड करून चिकटवा. गिऱ्हाईक स्कॅन करेल, त्याच्या फोनवर तुमची चॅट मजकुरासकट उघडेल. त्याला फक्त पाठवायचं.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=उद्या%20डबा%20हवा
```

पोळीभाजी घरपोच

हे छानच! पण मी आत्ता करून पाहिलं तर अर्धाच मजकूर येतोय. 'पोळी & भाजी दोन माणसांची' असं लिहिलं तर नुसतं 'पोळी' येतं आणि पुढे काही नाही.

आकडेमोड

ते & चं काम. लिंकमध्ये & दिसला की मजकूर तिथे संपला आणि पुढे नवीन काहीतरी सुरू झालं, असा अर्थ घेतला जातो. & च्या जागी `%26` लिहा, किंवा सरळ 'आणि' लिहा, आपण मराठी माणसं आहोत. # चीही तीच गत, त्याच्या जागी `%23`. नवीन ओळ हवी असेल तर `%0A`.

चाळकरी

हे सगळं शीटमध्ये एका फटक्यात होईल का? एकेक नंबर हाताने दुरुस्त करायचा तर पुढच्या मेंटेनन्सची तारीख उजाडेल. शिवाय आमच्याकडे तिघे-चौघे परदेशात आहेत, खोल्या बंद, बिलं मात्र त्यांनाच. एकाचा दुबईचा नंबर 050 ने सुरू होतो. एकाने +44 (0)7 असं काहीतरी लिहिलंय.

निशा दुबईकर

050 मधला पहिला शून्य काढायचा आणि पुढे 971. म्हणजे 97150 आणि मग उरलेले सात आकडे. माझे बाबा ठाण्याहून मला असाच मेसेज करतात. आधी 00971 लिहायचे, फोन लावायची जुनी सवय. लिंकमध्ये ते पहिले दोन शून्यही नकोत.

मुलुंडकर

मी पहिल्यापासून सांगतोय, शून्य काढा. कुठलाही देश असो, सुरुवातीचा शून्य काढायचाच.

आकडेमोड

जवळजवळ बरोबर. तो शून्य देशातल्या देशात फोन लावण्यासाठी असतो, म्हणून कोड लावला की तो गळतो. +44 (0)7 चा अर्थही तोच: तिथे राहत असाल तर 0 लावा, बाहेरून लावत असाल तर कंसातला सोडा. लिंकमध्ये ते 447 असं सुरू होईल. पण इटलीतल्या लँडलाइनचा शून्य कोडनंतरही तसाच राहतो. तुमच्या बिऱ्हाडांपैकी कोणी मिलानला दुकान थाटलं असेल तरच याची काळजी.

आता शीट. एका रकान्यात देशाचा कोड वेगळा ठेवा, तिथेच सगळी गल्लत मिटते. A मध्ये नंबर, तो माणूस राहतो त्या देशात जसा लावतात तसा. B मध्ये 91, 971, 44 जे असेल ते. C मध्ये हे:

```
=B2&REGEXREPLACE(REGEXREPLACE(A2&"","\D",""),"^0+","")
```

आतला भाग जागा, डॅश, कंस असं जे आकडा नाही ते सगळं काढतो. बाहेरचा भाग सुरुवातीचे शून्य काढतो. मग पुढे कोड चिकटतो. D मध्ये `=LEN(C2)` टाका आणि B मध्ये 91 असलेल्या ओळींमध्ये D बारा आहे का ते बघा. चौदा आलं तर A मध्ये कोणीतरी आधीच 91 लिहून ठेवलंय, ते काढा. वीसच्या वर आलं तर एकाच चौकोनात नवऱ्याचा आणि बायकोचा असे दोन नंबर आहेत, ते वेगळे करा. +44 (0)7 असं लिहिलं असेल तर तेही A मध्ये 07 पासून पुढचं ठेवा.

D मध्ये नुसते 2 आले तर घाबरू नका. तो नंबर कोणीतरी मराठी कीबोर्डवरून ९८ असा भरलाय. हे सूत्र देवनागरी आकड्यांना आकडे मानत नाही, सगळे पुसून टाकतं आणि मागे फक्त 91 उरतो. तो इंग्रजी आकड्यांत पुन्हा टाइप करायचा.

मजकूर E मध्ये लिहिलात तर लिंक अशी:

```
=HYPERLINK("https://wa.me/"&C2&"?text="&ENCODEURL(E2),"उघडा")
```

ENCODEURL असला की &, #, नवीन ओळ यांची चिंता मिटली.

मुलुंडकर

मी एक्सेलमध्ये करून पाहिलं. इंग्रजी मजकूर चालतो, मराठी टाकला की `#VALUE!`. मराठीचं वावडं आहे का त्याला?

आकडेमोड

भाषेचं नाही, लांबीचं. एक्सेलच्या HYPERLINK ला 255 पेक्षा लांब लिंक चालत नाही. ENCODEURL नंतर देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर वेगळं आणि काना-मात्रा वेगळी, नऊ चिन्हांची होते. नुसता 'न' म्हणजे `%E0%A4%A8`. 'नमस्कार' एवढ्या शब्दालाच 63 चिन्हं लागतात. दोन ओळींचा निरोप कुठून मावणार? गूगल शीटमध्ये मला ही अडचण आलेली नाही. एक्सेलच वापरायचं असेल तर मजकूर इंग्रजीत ठेवा किंवा लिंकमध्ये मजकूर न घालता चॅट उघडल्यावर चिकटवा.

अण्णा दादरकर

माझा प्रश्न जरा निराळा. आमच्या दवाखान्याचा नंबर लँडलाइनचा आहे, 022 वाला, पिढ्यान्‌पिढ्या तोच. मुलगा म्हणतो त्यावरही व्हॉट्सॲप चालतं. थापा मारतोय का?

आकडेमोड

मुलगा खरं सांगतोय. व्हॉट्सॲप बिझनेसवर लँडलाइन नोंदवता येते. पडताळणीला एसेमेस येणार नाही म्हणून फोन कॉलचा पर्याय निवडायचा आणि कॉलवर ऐकू येणारा कोड टाकायचा. त्या वेळी कोणीतरी फोनजवळ बसलेलं हवं. मध्ये 'अमुक दाबा, तमुक दाबा' सांगणारी यंत्रणा असेल तर तो कॉल तिच्यातच अडकतो.

लिंकमध्ये 022 चा शून्य जाणार: 91, मग 22, मग आठ आकडे. हेही मोजून बाराच होतात, त्यामुळे चाळकरींच्या सूत्रातून 022 वाले नंबरही नीट बाहेर पडतील.

चाळकरी

सूत्र लावलं. D चा रकाना बघून गंमत वाटली, जवळजवळ सगळे बारा आणि मध्येच एक 22. तळमजल्यावरच्या जोडप्याने दोन्ही नंबर एकाच चौकोनात कोंबले होते. काकूंची चॅटही आता त्यांचीच उघडते, फोटोत तुळस आहे.

एक शंका. मी त्यांचा नंबर सेव्ह केला नाही म्हणजे माझाही नंबर त्यांना दिसणार नाही ना? बिलावरून रात्री अकराला फोन करणारी दोन माणसं आहेत आमच्याकडे.

भांडुपची भामा

दिसणार की! मेसेज केलात की तुमचा नंबर त्यांच्याकडे गेलाच. सेव्ह न केल्याने तुमची फोनबुक स्वच्छ राहते, एवढंच. हां, प्रोफाइल फोटो तुम्ही `My contacts` ला ठेवला असेल तर तो मात्र त्यांना दिसणार नाही, कारण ते तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये नाहीत.

निशा दुबईकर

म्हणूनच पहिल्या ओळीत नाव आणि खोली क्रमांक लिहा हो. फोटो नाही, नाव नाही, अनोळखी नंबर आणि पहिलंच वाक्य 'पैसे भरा'. मी तर डोळे झाकून ब्लॉक करेन. पैसे भरायची लिंकही पहिल्या मेसेजमध्ये नको. अनोळखी नंबरावरून आलेली लिंक समोरच्याला दाबता येत नाही, त्याने उत्तर दिलं किंवा तुमचा नंबर सेव्ह केला की मगच.

मुलुंडकर

आणि एका दिवसात इतक्या अनोळखी लोकांना मेसेज केलेत तर नंबर बंद होतो. माझ्या मेव्हण्याचा झाला होता.

आकडेमोड

मेव्हणे काय पाठवत होते त्यावर आहे. जाहिरातीसारखा एकच मजकूर सगळ्यांना आणि त्यावर लोकांचे रिपोर्ट, असं असेल तर बंद होऊ शकतो. एका दिवसात कितीपर्यंत चालतं याचा पक्का आकडा कंपनीने जाहीर केलेला माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणून मी तो सांगणार नाही. मी असतो तर रोज एकेका मजल्याचे पाठवले असते.

मुलुंडकर

मेव्हणे विमाच विकत होते, मान्य. पण साधा निरोप पाठवणाऱ्या एका क्लासवाल्यांचाही झाल्याचं ऐकलंय. मी तरी जपून राहीन.

पोळीभाजी घरपोच

झाकणावर क्यूआर लावले! पहिली ऑर्डर आली. पण माझ्या फोनवर साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस अशी दोन्ही आहेत. मी स्वतः लिंक दाबली की कधी एकात उघडते, कधी दुसऱ्यात. हे ठरवता येतं का?

भांडुपची भामा

माझ्या अँड्रॉइडवर कशात उघडू असं विचारतं. मी एकदा 'नेहमी' दाबून बसले होते, मग सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपचं 'डीफॉल्टने उघडा' काढून टाकलं. आता दर वेळी विचारतं. आयफोनचं कोणी सांगेल का?